देवनागरी लोगो हलवायचा कसा, आणि इंट्रो किती सेकंदांचा ठेवायचा

प्रश्न: आमचा घरगुती मसाल्यांचा छोटा ब्रँड आहे, लोगो देवनागरी अक्षरातला. यूट्यूबवर आठवड्याला दोन रेसिपी टाकतो. एका फ्रीलान्सरने ८ सेकंदांचा इंट्रो करून दिला होता, पण लोक तिथेच गळतात आणि अक्षरं येताना कायतरी विचित्र दिसतं. आता एक एजन्सी म्हणतेय 'पूर्ण मोशन आयडेंटिटी' घ्या. त्यात नेमकं काय असतं, ट्रान्झिशन कुठले वापरायचे, आणि त्यांच्याकडून काय काय मागून घ्यायचं?

उत्तर:

तुमच्याकडे आत्ता एक क्लिप आहे, पण ब्रँड हलतो कसा हे कोणी ठरवलेलंच नाहीये. त्यामुळे इंट्रोत लोगो गोल फिरून येतो, मधे एडिटर त्याच्या आवडीचा झूमवाला ट्रान्झिशन टाकतो, नावाची पट्टी तिसऱ्याच कुठल्यातरी फुकट टेम्प्लेटमधून येते, आणि शेवटी लोगो नुसता फेड होतो. बघणाऱ्याला ही चार वेगवेगळी दुकानं वाटतात. मोशन आयडेंटिटी या मोठ्या नावामागचं काम एवढंच असतं की ब्रँडची एक चाल ठरवायची आणि लोगो, ट्रान्झिशन, नावाची पट्टी, शेवटची स्क्रीन या सगळीकडे तीच वापरायची. चाल म्हणजे काय, तर कुठून येतं, किती वेळात येतं, कसं थांबतं आणि कसं जातं.

पुढचं सगळं काही गोष्टी गृहीत धरून लिहितोय. एडिट घरचंच कोणीतरी किंवा ठरलेला एक एडिटर करतो, व्हिडिओ साधारण ५ ते १० मिनिटांचे आहेत, आणि लोगोत फक्त देवनागरी आहे. लोगो दोन लिप्यांमधे असेल, किंवा तुमचं मुख्य काम पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती असेल, तर काही आकडे बदलतील, ते त्या त्या ठिकाणी सांगतो. एडिट मोबाईलवर होतं की कॉम्प्युटरवर यानेही बराच फरक पडतो.

आधी ते ८ सेकंद. यूट्यूबच्या ॲपमधे स्क्रीनच्या उजव्या बाजूला दोनदा टॅप केलं की व्हिडिओ १० सेकंद पुढे जातो, ही सवय आता सगळ्यांच्या बोटाला लागलीय. म्हणजे तुमचा नियमित प्रेक्षक इंट्रो सुरू झाला की टॅप करणार, इंट्रो तर जाणारच पण पुढच्या बोलण्याचेही दोन सेकंद जाणार, आणि मग "आज आपण काय करतोय" हेच ऐकायचं राहून जातं. यातला जो मुळात अर्धवट मनाने आला होता तो टॅपसुद्धा करत नाही, सरळ खालच्या दुसऱ्या व्हिडिओवर जातो.

लोक यावर दूरदर्शनचं उदाहरण देतात की बघा, ते डोळ्याचं चिन्ह फिरत फिरत जुळून यायचं आणि आख्खा देश बघत बसायचा. खरंय. एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेत शिकणाऱ्या देवाशिष भट्टाचार्य यांचं ते चिन्ह, सोबत रविशंकर आणि अली अहमद हुसेन खान यांची धून, सत्तरच्या दशकातलं काम आणि आजही विसरलं जात नाही. पण तेव्हा चॅनेल एकच होतं आणि पुढचा कार्यक्रम बघायचं माणसाने आधीच ठरवलेलं असायचं. नेटफ्लिक्सचंही तसंच, प्ले दाबून माणूस तासाभराच्या तयारीने बसलेला असतो, त्यामुळे सुरुवातीलाच लोगो चालतो. तुमच्याकडे आलेला माणूस हातात फोन धरून उभाय, कढई गॅसवर आहे आणि तुमचा व्हिडिओ बघायचा की नाही हे त्याने अजून ठरवलेलं नाही. म्हणून लोगो पहिल्या सेकंदाला ठेवायचाच नाही, आणि ठेवायचा तेव्हा दोन सेकंदांत संपवायचा. त्या दोन सेकंदांत काय करायचं ते पुढे फ्रेमनिशी सांगतो, पण आधी अक्षरं विचित्र का दिसतायत ते बघू, कारण माझ्या मते तुमचा खरा बिघाड तिथे आहे.

तुम्ही ब्रँडचं नाव दिलेलं नाहीये तर उदाहरणाला 'शिदोरी' हा शब्द घेतो. बहुतेक फ्रीलान्सर इंग्रजी लोगोंसाठी बनवलेलं 'एक एक अक्षर येणारं' टेम्प्लेट उचलतात आणि त्यात देवनागरी नाव टाकतात. कॉम्प्युटरमधे 'शि' साठवलेला असतो तो आधी श आणि मग वेलांटी असा. त्यामुळे टाईपरायटर छाप इफेक्टमधे आधी 'श' दिसतो, मग वेलांटी त्याच्या डाव्या बाजूला अचानक उगवते आणि श बिचारा उजवीकडे उडी मारतो. नावात जोडाक्षर असेल तर अजून मजा, 'क्ष' असेल तर आधी क, मग पाय मोडलेला क्, आणि मग एकदम क्ष. हे सगळं अर्ध्या सेकंदात होतं म्हणून नेमकं काय झालं ते कळत नाही, पण डोळ्याला खटकतं, आणि तुम्ही लिहिलंय ते विचित्र बहुतेक हेच असावं. खात्री करायची तर व्हिडिओ थांबवून इंट्रो एक एक फ्रेम पुढे न्या, कॉम्प्युटरवर यूट्यूब पॉज करून पूर्णविरामाची की दाबली की एक फ्रेम पुढे जाते. 'शि' ऐवजी नुसता 'श' दिसणारी फ्रेम सापडली की निदान झालं.

याच्याही आधीची एक गडबड म्हणजे आफ्टर इफेक्ट्स या ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरमधे टेक्स्ट इंजिन लॅटिनवर राहिलेलं असतं, मग जोडाक्षरं जुळतच नाहीत आणि वेलांट्या भलतीकडे जातात. ते Preferences मधल्या Type मधे जाऊन South Asian and Middle Eastern करायचं. अर्थात हे नावाच्या पट्ट्या आणि मजकुरासाठी. लोगो मात्र कधीही जिवंत टेक्स्ट म्हणून हलवायचा नाही, तो आकार म्हणूनच घ्यायचा.

आणि आकार करतानाच खरी मेहनत आहे. फाँटमधलं प्रत्येक अक्षर स्वतःचा शिरोरेषेचा तुकडा घेऊन येतं आणि शेजारच्या अक्षराच्या तुकड्यावर किंचित चढतं, म्हणून शब्द सलग दिसतो. तुम्ही तेच आकार सुटे सुटे करून फेड केले की जिथे दोन तुकडे एकमेकांवर चढलेत तिथे गडद ठिपका दिसतो, आणि चढलेले नसतील तर केसासारखी बारीक फट दिसते. मोबाईलवर लक्षात येत नाही, टीव्हीवर लावलं की लगेच दिसतं. त्यामुळे इलस्ट्रेटरमधे आधी सगळा शब्द एकत्र जोडून घ्यायचा, मग कापायचा. मी कापतो ते असं: आख्खी शिरोरेषा हा एक सलग आडवा आकार, तिच्या खालचा प्रत्येक अक्षराचा भाग वेगळा, आणि तिच्या वरच्या वेलांट्या, मात्रा वेगळ्या. 'शिदोरी'त शि, दो, री असे खाली तीन भाग आणि वर तीन, पहिली वेलांटी, मात्रा आणि दुसरी वेलांटी. कापताना खालच्या भागांचं वरचं टोक शिरोरेषेच्या आत थोडं घुसलेलं ठेवायचं म्हणजे जोडावर फट पडत नाही, रंग एकच असल्याने ते दिसत नाही. आता हाताशी सात तुकडे आले आणि एकही तुकडा अक्षराला मोडत नाही.

असं कापलं की चाल आपोआप सुचते. शिरोरेषा ओढली जाते, अक्षरं तिच्यातून खाली उतरतात, वेलांट्या वर उगवतात. हातानं लिहिताना आपण बहुतेक वेळा आधी अक्षरं आणि शेवटी वरची रेघ काढतो, तर काही डिझायनर तोच क्रम धरतात. तेही चांगलं दिसतं, हस्ताक्षर छाप लोगो असेल तर तोच क्रम बरा. पण तुमच्यासाठी मी रेघ आधी घेईन, कारण रेघ एकटी असली की तीच पुढे ट्रान्झिशन म्हणून आणि नावाच्या पट्टीसाठी वापरता येते.

आता दोन सेकंदांचा हिशोब. २५ फ्रेम प्रति सेकंद धरले तर ५० फ्रेम होतात. शून्य ते ८ मधे शिरोरेषा डावीकडून उजवीकडे ओढली जाते. आठव्या फ्रेमला ती पूर्ण होते आणि तिथेच आवाजाचा ठोका पडतो. त्या ठोक्यानेच जणू अक्षरं खाली सुटतात, 'शि' ८ ते १८, 'दो' ११ ते २१, 'री' १४ ते २४. दोन अक्षरांमधे तीन फ्रेमचं अंतर, यापेक्षा कमी ठेवलं तर सगळं एकदम पडल्यासारखं वाटतं आणि पाच-सहा ठेवलं तर रांग लावल्यासारखं. वरच्या वेलांट्या आपापल्या अक्षराच्या थोड्या मागून येतात आणि सगळ्यात शेवटची २६व्या फ्रेमला बसते. मग ४४पर्यंत काहीही हलायचं नाही. काहीही म्हणजे हळूहळू मोठा होणारा लोगोसुद्धा नाही, वरून जाणारी चकाकी नाही, धूर नाही. साधारण पाऊण सेकंद नाव स्थिर मिळतं, तीन-चार अक्षरांचं नाव वाचायला तेवढं पुरतं. नाव सहा-सात अक्षरांचं असेल, किंवा खाली इंग्रजी नावही असेल, तर ही थांबायची वेळ १० ते १२ फ्रेमने वाढवा, येण्याची वेळ वाढवू नका. ४४ ते ५० मधे अक्षरं परत रेघेत वर ओढली जातात आणि रेघ उजवीकडून बाहेर जाते.

लोक नेमकं उलटं करतात, दीड सेकंद लोगो येतच असतो आणि आला की दहा फ्रेममधे गायब. नाव वाचून होतच नाही. तुमच्या जुन्या इंट्रोत हे मोजून बघा, ८ सेकंदांपैकी पूर्ण नाव स्थिर किती वेळ दिसतं ते.

आता वेगाबद्दल. आफ्टर इफेक्ट्समधे कीफ्रेमवर, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते किंवा संपते त्या खुणेवर, Easy Ease दाबलं की दोन्ही बाजूंना सारखाच, ३३ टक्क्यांचा वळसा मिळतो, म्हणजे वेग तेवढ्या भागात हळूहळू वाढतो आणि हळूहळू कमी होतो. सगळ्या जगाचं ॲनिमेशन त्यामुळे सारखंच, जरा झोपाळू वाटतं. तुमची चाल वेगळी वाटायची तर दोनच वळसे ठरवा, एक येण्याचा, एक जाण्याचा. येताना झटकन सुटायचं आणि हळुवार बसायचं, म्हणून पहिल्या कीफ्रेमचा आउटगोइंग इन्फ्लुएन्स १० टक्के, शेवटच्याचा इनकमिंग ८० टक्के. जाताना उलट, ६० आणि १०. वेबसाइटवाला हेच विचारेल तर त्याच्या भाषेत ते असं होतं:

```css
--yene: cubic-bezier(0.1, 0, 0.2, 1);
--jane: cubic-bezier(0.6, 0, 0.9, 1);
```

दोन्हीकडे एकच वळसा असल्यामुळे वेबसाइटवर मेन्यू उघडतानाही तोच ब्रँड वाटतो. अक्षर खाली येऊन उसळून परत वर जाणं, ज्याला बाउन्स म्हणतात, ते मी मसाल्याला लावणार नाही, ते लहान मुलांच्या खेळण्यांच्या दुकानाला शोभतं. पण ही माझी आवड झाली, तुमचा लोगो गोलमटोल आणि मिश्कील असेल तर अगदी हलकी एक उसळी चालेल, फक्त मग ती सगळीकडे असली पाहिजे.

फ्रेमरेटचं एक लफडं आधीच सांगून ठेवतो. डिझायनर आपल्याकडच्या टीव्हीच्या सवयीने २५ला काम करतो आणि तुमचं शूटिंग फोनवर ३०ला झालेलं असतं. २५ची क्लिप ३०च्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर दर सेकंदाला पाच फ्रेम दोनदा दाखवतं. स्थिर लोगोत काही कळत नाही पण रेघ ओढली जाताना मधेच अडखळते. एडिटर म्हणतो फाईल खराब आहे, डिझायनर म्हणतो माझ्याकडे बरोबर चालतेय, आणि दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यामुळे नियमांच्या कागदावर वेळ सेकंदात लिहा आणि २५ व ३० अशा दोन्ही फाईली वेगळ्या रेंडर करून घ्या. वर दिलेले फ्रेम ३०ला नेताना १.२ने गुणायचे, म्हणजे आठाचे साधारण १०, पन्नासचे ६०.

आवाज. मसाल्याच्या ब्रँडला मोहरी तडतडण्याचा आवाज सगळेच लावतात, आणि तुमच्या रेसिपीतही तो दर व्हिडिओत येणारच आहे, त्यामुळे तो लोगोचा म्हणून लक्षात राहत नाही. मी लोखंडी खलबत्त्याचा एकच ठोका घेईन, आठव्या फ्रेमवर, आणि त्याचा नाद अक्षरं उतरेपर्यंत विरत जाईल. लाकडी किंवा दगडी घेऊ नका असं नाही, पण फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचा धप्प आवाज येतच नाही, लोखंडाचा 'ठण्ण' येतो. म्हणून आवाज ठरवताना हेडफोनवर नाही, साध्या फोनवर ऐकून ठरवा. दुसरं, यूट्यूब व्हिडिओचा आवाज साधारण -१४ LUFS पर्यंत खाली आणतं, LUFS म्हणजे कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, पण ते आख्ख्या फाईलला एकच माप लावतं. तुमचा इंट्रो बोलण्यापेक्षा मोठा असेल तर तो मोठाच राहणार. रात्री बाळ झोपलेलं असताना रेसिपी बघणारी बाई त्या एका दणक्याला व्हिडिओ बंद करते. ठोका बोलण्याच्या आवाजापेक्षा दोन-तीन डेसिबल खाली ठेवा. आणि पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून बघतात, तेव्हा आवाज काढून टाकला तरी चाल समजली पाहिजे.

आता हे बसवायचं कुठे. समजा ७ मिनिटांचा मिसळीचा व्हिडिओ आहे. पहिला शॉट वाटीत तर्री ओततानाचा, आणि त्यावरच बोलणं सुरू: "तर्री वर यायला तेल ओतत बसावं लागत नाही, मसाला कधी घालायचा ते कळलं पाहिजे, तेच दाखवते." नमस्कार नाही, चॅनेलचं नाव नाही. हे ७ ते १० सेकंदांत संपतं, बघणाऱ्याला कळलं की इथे आपल्याला काय मिळणार आहे, आणि तिथे दोन सेकंदांचा लोगो. लोगोखाली कढईचा आवाज चालू ठेवा, एकदम शांतता करू नका, म्हणजे व्हिडिओ थांबलाय असं वाटत नाही. लोगो संपला की थेट साहित्य. "नमस्कार मंडळी" म्हणायचंच असेल तर ते इथे म्हणा, एका श्वासात.

लोगो नेमका कुठल्या सेकंदाला हे मी ठरवून देत नाही, आज काय दाखवणार ते सांगून झालं की लगेच, एवढाच नियम. पण १५ सेकंदांच्या पुढे जाऊ देऊ नका, तिथून पुढे माणूस रेसिपीत शिरलेला असतो आणि मधेच लोगो आला की जाहिरात आल्यासारखं वाटतं. शॉर्ट्समधे इंट्रो ठेवायचाच नाही, तिथे शेवटच्या सेकंदाला रेघ आणि नाव, तेही स्क्रीनच्या मध्यावर किंवा थोडं वर, कारण खाली आणि उजवीकडे ॲपची बटणं आणि मजकूर बसलेला असतो. जाहिरातीचं गणित वेगळं. यूट्यूबवर स्किप करता येणाऱ्या जाहिरातीत पाच सेकंदांनी बटण येतं, त्यामुळे नाव त्याच्या आत दिसलंच पाहिजे, पण पूर्ण लोगोची चाल लावत बसू नका. पाकीट हातात घेतलेल्या शॉटवर रेघ आणि नाव एका कोपऱ्यात येऊ दे.

व्हिडिओच्या शेवटी यूट्यूबची एंड स्क्रीन ५ ते २० सेकंदांची असते, तिथे पुढच्या व्हिडिओची चौकट आणि सबस्क्राइबचं गोल बसतं. लोगो मधोमध आणून ठेवला तर त्या चौकटी त्याच्यावरच चढतात. शेवटच्या स्क्रीनचं डिझाइन करताना त्या जागा मोकळ्या सोडून घ्या आणि इथे रेघ ओढली की पुढचं काही न हलता तसंच राहू दे, कारण इथे माणसाने बोट लावायचंय, बघत बसायचं नाहीये.

ट्रान्झिशन. नव्वद टक्के ठिकाणी साधा कट. कांदा चिरला, कट, कढईत पडला. हात हलत असतानाच कट मारला की तो दिसतही नाही. ब्रँडची रेघवाली चाल फक्त तेव्हा, जेव्हा भाग बदलतो: साहित्य संपून कृती सुरू होते, कृती संपून वाढणं सुरू होतं. ७ मिनिटांत असे तीन प्रसंग येतात, फार तर चार. रेघ दर मिनिटाला दोनदा आली की ती भाग बदलल्याची खूण राहत नाही आणि बघणारा वैतागतो.

ती बांधायची सोपी पद्धत: १४ फ्रेमची क्लिप, मागची बाजू पारदर्शक. पहिल्या पाच फ्रेममधे शिरोरेषा डावीकडून उजवीकडे स्क्रीनभर ओढली जाते, पुढच्या तीनमधे ती जाड होत होत आख्खी स्क्रीन तुमच्या गडद रंगाने भरते, दोन फ्रेम सगळं झाकलेलं, आणि उरलेल्या चारमधे रंग खाली सरकून पुढचा शॉट उघडतो. एडिटरने एवढंच करायचं की ही क्लिप वरच्या ट्रॅकवर ठेवायची आणि खालचा कट त्या झाकलेल्या दोन फ्रेमखाली आणायचा. कट चुकून एक-दोन फ्रेम आधी पडला तर झाकायच्या आत नवीन शॉटची एक झलक दिसते, तेवढं बघायचं. दिशा नेहमी डावीकडून उजवीकडे, कधीतरी बदल म्हणून उलटी नाही. रंग गडदच हवा, तिखटाचा तपकिरी-लाल वगैरे, अंधाऱ्या स्वयंपाकघरातल्या शॉटमधे पांढरा किंवा पिवळा पडदा आला की डोळ्यावर फ्लॅश मारल्यासारखं होतं.

कॉम्प्युटरवर एडिट असेल तर ही फाईल अल्फासकट, म्हणजे पारदर्शकतेसकट, ProRes 4444 मधे घ्या. साध्या MP4 मधे, म्हणजे H.264 मधे, पारदर्शकता राहत नाही, काळी पार्श्वभूमी येते. काइनमास्टरसारख्या मोबाईल ॲपवर एडिट असेल तर हिरव्या पार्श्वभूमीची MP4 घ्या आणि ॲपमधल्या क्रोमा कीने हिरवं काढा. मात्र ही हिरवी फाईल मोशन ब्लर बंद करून रेंडर करायला सांगा, नाहीतर पळणाऱ्या रेघेच्या कडेला हिरवट झालर राहते. आणि ब्रँडचा रंगच हिरवा असेल तर पार्श्वभूमी निळी घ्या, नाहीतर की लावताना रेघच गायब व्हायची.

एजन्सीकडून काय मागायचं याला मी फार महत्त्व देतो, कारण पुष्कळदा चाळीस पानांची देखणी पीडीएफ मिळते आणि एडिटरच्या हातात काहीच पडत नाही. तुम्हाला हवा तो एका पानाचा कागद, ज्यावर चाल एका वाक्यात, येण्या-जाण्याचे दोन वळसे, दोन सेकंदांचा हिशोब, ठोका कुठे, ट्रान्झिशन कधी वापरायचा आणि कधी नाही, एवढं लिहिलंय. सोबत लोगोची दोन सेकंदांची क्लिप आडव्या आणि उभ्या मापात, ट्रान्झिशनची क्लिप, शेवटची स्क्रीन, आणि नावाच्या पट्टीचं टेम्प्लेट ज्यात तुम्ही मराठी मजकूर टाकला की रेघ आपोआप त्या मजकुराएवढी होते. हे टेम्प्लेट घेताना त्यांच्यासमोरच 'श्रीखंडाच्या पुऱ्या' टाइप करून बघा, श्री आणि ऱ्या नीट आले तर बाकी सगळं येतं. मूळ प्रोजेक्ट फाईल तुमच्या ताब्यात हवी आणि आवाज कुठून घेतला, तो व्यावसायिक वापराला चालतो का, हे लेखी हवं. खलबत्ता घरचाच रेकॉर्ड केला तर तो प्रश्नच मिटला.

पहिल्या बैठकीत त्यांना लोगो तुकड्यांत कसा कापणार एवढं विचारा. "अक्षर अक्षर येईल" असं उत्तर आलं तर समजा त्यांनी देवनागरीत काम केलेलं नाही. शिरोरेषेचं काय करणार हा प्रश्न त्यांनीच तुम्हाला विचारला तर पुढे बोला.

फरक पडला की नाही हे बघायला यूट्यूब स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओचा प्रेक्षक टिकण्याचा आलेख असतो, आणि त्यात पहिल्या ३० सेकंदांनंतर किती टक्के लोक उरले तेही दिसतं. जुन्या पद्धतीचे आणि नव्या पद्धतीचे एकाच प्रकारचे व्हिडिओ समोरासमोर ठेवा, मिसळीची तुलना लोणच्याशी नको. जुन्या आलेखात इंट्रोच्या जागी खड्डा आणि लगेच नंतर छोटा उंचवटा दिसत असेल तर ती टॅप करून पुढे गेलेली माणसं आहेत, म्हणजे त्यांना तुमची रेसिपी हवी होती, इंट्रो नको होता. खड्डा आहे आणि उंचवटा नाही तर ती निघूनच गेली. नव्या पद्धतीत लोगोपाशी बारीकशी घसरण राहील, ती कोणालाच टाळता येत नाही. पण घसरण लोगोच्या आधीच, पहिल्या ५-६ सेकंदांत होत असेल तर लोगोला हात लावू नका, पहिला शॉट आणि पहिलं वाक्य बदला, किंवा थंबनेलवर जे दाखवलंय ते व्हिडिओत लगेच दिसतंय का ते बघा.

एजन्सीला हो म्हणायच्या आधी जुन्या फ्रीलान्सरकडून लोगोची .ai किंवा .svg फाईल मागून घ्या. त्याच्याकडे फक्त PNG असेल तर लोगो आधी नव्याने रेखाटून घ्यावा लागेल, आणि ते काम कोटेशनमधे धरलंय का हे तेवढं विचारा.